पातेलं दोन मिनिटांत

जूचंद्रच्या श्रीपतच्या म्हशी मी अकरा वर्षं तपासल्या, आणि त्या अकरा वर्षांत त्याने माझं एकही म्हणणं पहिल्या खेपेला ऐकलं नाही. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा माणूस. तोंडावर मी त्याला काका म्हणायचे, अहोजाहो करायचे. इथे करणार नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. म्हशीची पोटफुगी त्याला माझ्याइतकीच कळायची. पावसाळ्यात कोवळं ओलं गवत खाऊन गावात कुणाची म्हैस फुगली, की आधी श्रीपतला बोलावणं जायचं आणि मग वाटलंच तर मला. बांबूच्या नळकांड्यातून तो गोडेतेलात टर्पेंटाईन घालून पाजायचा. म्हशीच्या तोंडात आडवी काठी बांधायचा, म्हणजे ती काठी चघळत राहते आणि अडकलेला वायू ढेकरेने सुटतो. मग पुढचे पाय उंचवट्यावर घेऊन तिला उभं करायचा. बहुतेक म्हशी वाचायच्या. त्याला काही येत नसतं तर बरं झालं असतं, कारण मग त्याने वेळेवर दुसऱ्या कुणाला तरी विचारलं असतं.

खाडीकाठची थोडी जमीन बिल्डरला गेली आणि श्रीपतच्या मुलाला, कल्पेशला, मोठ्या कुत्र्याची हौस आली. सांडोरच्या फर्डिनंडकडे ग्रेट डेनची पिल्लं होती, त्यातलं एक त्याने उचललं. नाव ठेवलं सरदार. हौस कल्पेशची, पण पिल्लू वाढवलं ते त्याच्या बायकोने, रोशनीने. दीड महिन्याचं पिल्लू रात्रभर रडायचं, तेव्हा तीच त्याला पदरात घेऊन बसायची. लसीसाठी रिक्षातून माझ्या नायगावच्या दवाखान्यात तीच आणायची. दीड वर्षात सरदार तिच्या कमरेच्या वर गेला, पण ती स्वयंपाकघरात असली की तो उंबऱ्याबाहेर तिच्याकडे तोंड करून पडलेला असायचा. त्या घरात तिच्याशी दिवसभर कुणी फारसं बोलत नसे. हे तिने मला कधी सांगितलं नाही, पण ती माझ्याकडे आली की निघायचं नाव घेत नसे, त्यावरून मला कळायचं.

तिला मी पहिल्याच वर्षी बसवून सांगितलं होतं. ज्या कुत्र्याची छाती खोल आणि अरुंद असते, त्याच्या पोटात जागा जास्त असते. जेवण भसाभस गिळलं की त्याबरोबर वारा आत जातो, पोट फुगतं, आणि फुगलेलं पोट स्वतःभोवती फिरू शकतं. फिरलं की वरची वाटही बंद आणि खालचीही. मग हातात तासच उरतात, तेही थोडे. फर्डिनंडने सांगितलं होतं की सरदारची आई अशीच गेली, म्हणजे धोका रक्तातच होता.

"मग मी काय करू?" तिने विचारलं होतं.

तिने काय करायचं ते मी सांगितलं. एकदा भरपूर न देता दिवसातून तीनदा थोडं थोडं द्यायचं. जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर दोन तास पळवायचं नाही, उड्या मारू द्यायच्या नाहीत. खाणं शांतपणे, कुणी भोवती गर्दी करायची नाही. भांडं पाटावर ठेवावं असं मीच आधी लोकांना सांगायचे, पण आता परदेशात त्याच्या उलट निघालं होतं, म्हणून जमिनीवरच ठेव म्हटलं. हावऱ्यासारखा खात असेल तर भांड्यात त्याला गिळता येणार नाही असा मोठा गुळगुळीत दगड ठेव, म्हणजे दगडाच्या कडेकडेने हळू खाईल. आणि खुणा. उलटीसाठी ओकाऱ्या काढतो पण फेसाशिवाय काही पडत नाही. लाळ गळते, एका जागी बसवत नाही, वळून वळून कुशीकडे बघतो, पोट ताठ होतं. यातलं काहीही दिसलं की उद्याची वाट बघायची नाही.

तिने सगळं केलं. सासरा हसला.

"दगर घालून भात देते कुत्र्याला," तो गोठ्यात मला ऐकवायचा. "तीन तीन टाइम. घरान मानसांना दोन टाइम भेटतंय."

त्यातही त्याला स्वतःचा एक खेळ सापडला. एकदा कुणी पाहुणा आला असताना त्याने सरदारपुढे अख्खं पातेलं ठेवलं, भात, मटणाचं पाणी, हाडं. दोन मिनिटांत पातेलं साफ. पाहुण्याने तोंडात बोट घातलं आणि श्रीपतला चटकच लागली. त्यानंतर घरी कुणी विशेष माणूस आलं की हा प्रयोग व्हायचा. मनगटावरचं घड्याळ काढून तो पाहुण्याच्या हातात द्यायचा आणि वेळ धरायला सांगायचा. माझ्या कानावर हे होतं. एकदा मी म्हणाले, "काका, हे थांबवा, एक दिवस महागात पडेल." तो म्हणाला, "बगू," आणि म्हशीची शेपटी उचलून मला पुढचं काम दाखवलं. मीही ते काम केलं.

दोन हजार तीनचा फेब्रुवारी, रविवार. श्रीपतच्या धाकट्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते, सात-आठ माणसं, मुलाकडची. सकाळी श्रीपतने घरात बजावलं की सरदारला काही द्यायचं नाही, भुकेला ठेवा, म्हणजे पातेलं पटकन उडवील. आदल्या रात्रीही त्याने काही देऊ दिलं नव्हतं. रोशनी म्हणाली, "बाबा, नको. त्याच्या पोटाला ते चालत नाय." हे मला नंतर तिच्या सासूने, कमळीने सांगितलं. श्रीपतने सुनेला विचारलं, "तू डॉक्टरीन झालीस काय?" पाहुण्यांसाठी काढलेल्या खुर्च्या पुसायला तिला पाठवलं.

साडेअकराला पाहुणे आले, पोहे झाले, मुलगी बघून झाली. मग अंगणात पातेलं आलं. नवऱ्या मुलाच्या काकाने घड्याळ धरलं. सरदारला सोडलं. दोन मिनिटं दहा सेकंद. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्या मुलाने विचारलं, "उडी किती मारतो?" श्रीपतने गोठ्याचं फाटक लावून घेतलं आणि पलीकडून एक हाडूक दाखवलं. सरदार फाटकावरून पलीकडे गेला. परत अलीकडे आला. पाहुण्यांनी आणखी एकदा म्हटलं, पुन्हा गेला. रोशनीने सासऱ्याचा दंड धरला. इतक्या माणसांत सुनेने दंड धरला म्हणून श्रीपतने तो झटकला, आणि ती भिंतीवर आपटली. पाहुण्यांनी ते पाहिलं नाही, किंवा पाहिलं नाही असं दाखवलं.

पाहुणे जेवायला बसले तेव्हा सरदार अंगणात येरझारा घालत होता. बसायचा, उठायचा. मान खाली घालून ओकारी काढायचा. एक, दोन, पाच वेळा. पांढऱ्या फेसाचा धागा जमिनीपर्यंत लोंबायचा, बाकी काही नाही. कुशीकडे वळून बघायचा, जणू तिथे कुणी हात लावला होता. वाढण्याचं ताट हातात घेतलेल्या रोशनीने हे दारातून पाहिलं आणि ताट खाली ठेवलं.

"बाबा, तेच झालं. डॉक्टरना बोलवा."

श्रीपत हात धुऊन आला. त्याने सरदारच्या बरगड्यांमागे टिचकी मारली. ढोलासारखा आवाज आला. तो पाहुण्यांकडे बघून हसला. पोटफुगी. त्याच्या हातचा मळ. पाहुण्यांना हेही दाखवता येणार होतं.

त्याने नळकांडं आणलं. दोघांनी सरदारचा जबडा उघडून धरला आणि तेल ओतलं. अर्धं नाकातोंडातून बाहेर आलं, कुत्रा ठसकला, डोळे पांढरे केले. मग तोंडात आडवी काठी बांधली. मग पुढचे पाय ओट्यावर ठेवून उभं केलं आणि नंतर अंगणात गोल गोल चालवलं. पंचावन्न किलोचा कुत्रा, तोंडात काठी, तिच्या दोन्ही बाजूंनी लाळ आणि तेल. नवऱ्या मुलाच्या काकाला हसू आलं. घरातल्या फोनला कुलूप होतं, किल्ली श्रीपतच्या खिशात. रोशनी मागच्या दाराने चपला न घालता निघाली आणि नाक्यावरच्या एसटीडीवरून तिने माझा मोबाइल लावला.

तिने एवढंच सांगितलं. "ओकारी येते, काही पडत नाय. पोट ढोल झालंय. बाराला जेवला. तुम्ही सांगितलं तेच हाय."

घड्याळात दीड वाजला होता. मी बोरिवलीला शत्रुघ्नला फोन केला. तो माझा वर्गमित्र. त्याच्याकडे टेबल होतं, भूल होती, माणसं होती. मी नायगावात कुत्र्याचं पोट उघडून सरळ करून बरगडीशी शिवू शकत नव्हते, तो शकत होता. "आण," तो म्हणाला. "हवा काढ, सलाइन लाव, आणि लगेच नीघ. काढल्यावर बरा दिसेल, त्यावर जाऊ नको." मी स्कूटर काढली आणि पावणेदोनला श्रीपतच्या अंगणात होते.

पहिल्यांदा मी ती काठी सोडली. मग हिरड्या पाहिल्या, फिकट. नाडी दोऱ्यासारखी आणि धावत होती. नळी चावू नये म्हणून त्याच्या दातांमध्ये बँडेजपट्टीचा गुंडाळा धरून पोटापर्यंत जाणारी नळी घातली. ती छातीच्या शेवटाला जाऊन अडली. फिरवून पाहिली, नाही. वरची वाट बंद होती. नळीबरोबर गोडेतेल वर आलं. मग जिथे टिचकीला सगळ्यात पोकळ आवाज येत होता तिथले केस भादरले आणि शेवटच्या बरगडीच्या मागे जाड सुई घातली. फुस्स करून हवा सुटली, आंबूस वास अंगणभर पसरला. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले. दोन्ही पुढच्या पायांना सलाइन लावलं. रोशनीने एक बाटली हातात उंच धरली आणि दुसरी खुंटीला अडकवली.

पोट उतरलं. सरदारने मान उचलली. दहा मिनिटांनी तो उठून उभा राहिला आणि रोशनीच्या पोटात डोकं घातलं.

"बगा," श्रीपत पाहुण्यांना म्हणाला. "ग्यास व्हता. माज्या तेलान सुटला, थोरा सुईन."

"काका, पोट अजून फिरलेलंच आहे," मी म्हणाले. "हवा काढली म्हणून बरा दिसतोय. आत रक्त अडकलंय. आत्ताच्या आत्ता बोरिवलीला न्यायचं, तिथे टेबल तयार आहे. गाडी काढा."

गाडी दारातच होती, कल्पेशची सुमो. पण त्या गाडीतून पाहुण्यांना नायगाव स्टेशनला सोडायचं होतं. "ते काय कुत्र्यासाठी पायी जातील?" श्रीपत म्हणाला. कल्पेश बापाकडे बघत होता आणि बायकोकडे बघत नव्हता. पाहुण्यांचं अजून बोलणं व्हायचं होतं, देण्याघेण्याचं, आणि ते बोलणं चालू असताना दारातून कुत्रा लादून गाडी नेणं म्हणजे मुलीच्या लग्नावर पाणी. असं श्रीपत म्हणाला. "अर्धा कलाक. पाव्हन्यांना सोरून कल्पेश येल, मग न्या कुठं न्यायचा तो. उभा हाय ना तो?"

रोशनीने माझ्याकडे पाहिलं.

मी काय करू शकले असते ते मला तेव्हाही माहीत होतं. जूचंद्रच्या नाक्यावर टेम्पो उभे असत. पदरचे पैसे देते म्हटलं असतं तर पाचव्या मिनिटाला टेम्पो अंगणात आला असता. मी आवाज चढवला असता तर पाहुण्यांपुढे लाज नको म्हणून श्रीपत कदाचित नमलाही असता. पण एकोणीस म्हशींचा तो गोठा होता, आणि त्या गावातली निम्मी जनावरं श्रीपतच्या शब्दावर माझ्याकडे यायची. मी सुई पुन्हा तपासली, सलाइनचा वेग वाढवला, आणि म्हणाले, "अर्धा तास. त्यावर नाही."

कमळीने चहा आणला. मी ओट्यावर बसून तो प्यायले.

अर्ध्या तासाची पन्नास मिनिटं झाली. आत लग्नाचं ठरत होतं, हसणं ऐकू येत होतं. बाहेर सरदार आधी बसला, मग आडवा झाला. पोट पुन्हा भरायला लागलं. मी पुन्हा सुई घातली, या खेपेला हवा कमी आली. हिरड्या राखाडी झाल्या. नाडी मधूनच एखादा ठोका चुकवत होती, मग दोन. रोशनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि बाटली तिने अजूनही उंच धरलेली होती. तिने हात बदलला नाही.

पाहुणे गेले. कल्पेश रिकामी सुमो घेऊन आला, तेव्हा तीन वाजून गेले होते. सरदारला चादरीत घालून चौघांनी उचललं. गाडीच्या दारापाशी त्याने एकदा पाय ताणले आणि संपला. मी छाती दाबली, इंजेक्शन दिलं. आपण काहीतरी करत आहोत असं दिसावं म्हणून माणूस जे करतो ते सगळं केलं.

श्रीपतने वाकून सुईची खूण बघितली. मग म्हणाला, "सुई टोचली म्हनून मेला."

अंगणात शेजारचे जमले होते, आणि त्याने ते त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "उभा व्हता. हिनं डॉक्टरीनला बोलावला, तिनं दोनदा भोसकला. ही कामं माज्या सुनंची." कल्पेश चादरीकडे बघत उभा राहिला. कमळीने सुनेला म्हटलं, "झाला समाधान?" ज्या बाईने ते जनावर पदरात वाढवलं तिला त्याच्या मड्यासमोर हे ऐकावं लागलं, आणि तिने मान वर केली नाही.

मला राग आला. रागाच्या भरात मी कात्री आणि सुरी काढली आणि म्हणाले, "काका, बसा इथे. तुमच्या डोळ्यांनी बघा." अंगणातच, सगळ्यांसमोर, मी पोट उघडलं.

जठर जांभळं-काळं झालं होतं. त्याच्या तोंडाशी पिळा पडला होता, ओलं धोतर पिळताना पडतो तसा. प्लीहा त्याच्याबरोबर ओढली जाऊन सुजून बसली होती. मी पिळा तसाच ठेवून श्रीपतचा हात धरला आणि त्यावरून फिरवला. मग जठर चिरलं. भात जसाच्या तसा, शितं मोजता येतील असा, हाडं त्यात. तेलाचा थेंब नाही. मग अन्ननलिका चिरली. त्याचं गोडेतेल तिथे होतं, पिळ्याच्या वर साचलेलं. ते पोटात कधी गेलंच नव्हतं.

"म्हशीचं पोट वेगळं, काका. तिथे वाट उघडी असते. इथे बाराला जेवण, लगेच उड्या, आणि पोट फिरलं. त्यानंतर तेल नाही, काठी नाही, चालवणं नाही. फक्त गाडी."

श्रीपतने जनावरं आतून पाहिली होती. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. तो त्या तेलाकडे बराच वेळ बघत राहिला. चेहरा उतरला. मला वाटलं, आता तरी हा सुनेला दोन शब्द बोलेल. तो तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "तुला समदा म्हायती व्हता ना? मग मना थांबवला का नाय? नुसता हात धरून काय व्हतंय? आरडायचं व्हतं. पाव्हन्यांसमोर पाया परायचं व्हतं. तू उभी राहून बगितलास. तू मारलास त्याला."

आणि शेजाऱ्यांतल्या दोन-तीन बायकांनी माना डोलावल्या.

रोशनीने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात, दवाखान्यात विचारायची तसं, विचारलं, "डॉक्टर, पोट पहिल्यांदा उतरलं तेव्हाच निघालो असतो तर वाचला असता?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. श्रीपतही. दोनला निघालो असतो तर तीनला तो टेबलावर असता. त्या वेळी हिरड्या नुसत्या फिकट होत्या, ठोके चुकत नव्हते. शत्रुघ्नने याहून वाईट कुत्री वाचवली होती. हे मला ठाऊक होतं, आणि ते बोलले असते तर त्या अंगणात दोष वाटला गेला असता. निम्मा श्रीपतकडे आणि निम्मा ओट्यावर चहा पीत बसलेल्या बाईकडे. रोशनीच्या वाट्याला काही उरलं नसतं.

"नाही," मी म्हणाले. "फारसा फरक पडला नसता."

तिने मान हलवली. बादली आणली, तांब्या भरला आणि माझ्या रक्ताने भरलेल्या हातांवर पाणी ओतत राहिली. मी साबण लावला, तिने पुन्हा ओतलं. सासरा मागे शेजाऱ्यांना सांगत होता, की बघा, डॉक्टरीनबाय पन बोलली, वाचनार नव्हताच, आनि जे व्हायचं ते सकाळीच झालं, सून गप बसली तेव्हा. मी ते ऐकलं आणि खोडून काढलं नाही. हात पुसायला तिने मला स्वतःचा पदर पुढे केला.